उल्काची छाया

उल्का शेट्येचा दिवस शांततेत जायचा आणि संध्याकाळ गोंगाटात. बहुतेक लोकांचं उलटं असतं. पण उल्का कोल्हापुरात श्रवणतज्ज्ञ होती, म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते मोजायची. तिच्या दवाखान्यात एक छोटी ध्वनिरोधक खोली होती. पेशंट आत बसायचा, कानांवर हेडफोन लावायचा, आणि उल्का काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडायची. आवाज आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. त्या खोलीचं दार लावलं की रस्त्यावरचा एकही हॉर्न आत येत नसे. तपासणीच्या वेळी फोन मात्र ती बाहेरच्या टेबलावर ठेवायची, आणि तपासणी संपली की त्यावर 'शेट्ये परिवार' तिची वाट बघत बसलेला असे.

या गटात साठाच्या वर माणसं होती. पहाटे पाचपासून सूर्योदय, फुलं, समया आणि सुविचार सुरू व्हायचे. मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, त्यावर प्रत्येकाचा एकेक केक, प्रत्येक केकवर आभार, आणि आभारांवर हात जोडलेले. दुपारी राजकारण, संध्याकाळी त्यावरून रुसवेफुगवे. त्यात एखाद्याचं निधन झालं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या रांगेत मध्येच कुणाचा तरी चुकून पाठवलेला हसरा चेहरा.

तिने बाहेर न पडता करण्यासारखं सगळं करून पाहिलं होतं. गट कायमचा मूक केला. फोटो आपोआप उतरणं बंद केलं. मग गट यादीतून उचलून खालच्या कप्प्यात टाकला. पण मूक केलेल्या गटातही कुणी आपलं नाव घालून हाक मारली की फोन वाजतोच, आणि शेट्यांकडे हाक मारल्याशिवाय कुणी बोलतच नाही. "@उल्का, गप्प का?" "@उल्का, माझ्या सुनेच्या कानात खाज येते." शिवाय संदेशाचा तपशील उघडला की तो कोणी वाचला आणि कोणी नाही हे दिसतं, आणि पनवेलच्या एका आत्याला तो तपशील उघडून पाहण्याचा छंद होता. "उल्काने माझा केक तीन दिवस उघडलासुद्धा नाही," हे वाक्य आत्याकडून फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं होतं.

"मग सोड की ताई," नसीमा म्हणाली. नसीमा मुजावर तिच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा सांभाळायची. "मी सोडला माझा दहावीचा गट. एक माणूस नाराज झालं नाही."

"कसा सोडलास?"

"रीत असते त्याला. गुपचूप निघायचं नाही हे पहिलं. गुपचूप निघालं तर फक्त अ‍ॅडमिनला कळतं म्हणतात. खरं हाय ते, पण सदस्यांच्या यादीच्या तळाला 'मागील सदस्य' म्हणून आपलं नाव पुढं कितीतरी दिवस कुणालाही दिसतं. एकानं बघितलं की झालं. मग कोण म्हणतंय भांडून गेली, कोण म्हणतंय शिष्ट झाली. आणि कोण तरी प्रेमानं परत आत घेतंय, ते वेगळंच."

"मग?"

"आधी अ‍ॅडमिनला एकट्याला सांगायचं. मग शांत दिवस बघायचा. भांडण झालेलं नको, सण नको, कुणाचा वाढदिवस नको, कुणी गेलेलं तर नकोच. दोन ओळींचा निरोप लिहायचा. कारण आपलं सांगायचं, गटाचं नाही. 'तुमचे मेसेज फार येतात' असं म्हणायचं नाही, 'मला फोन कमी करायचाय' असं म्हणायचं. आपल्याला कुठं गाठायचं ते लिहायचं. लिहून लगेच पळायचं नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचं, लोकं चार शब्द बोलतात, त्यांना बोलू द्यायचं, आणि मग निघायचं. निघाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन, आपल्याला गटात कोण घेऊ शकतं, ते बदलून टाकायचं."

"एवढंच?"

"एक राहिलं. ज्याला खरंच लागेल असं एखादं माणूस असतंय. त्याला आधी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. बाकी सगळं चुकलं तरी चालतंय, हे चुकायचं नाही."

उल्काला ते माणूस कोण ते लगेच कळलं. देवरुखचे अप्पा. वडील गेले तेव्हा उल्का सातवीत होती. अप्पा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी स्वतःचं लग्न बाजूला ठेवून तिला वाढवलं, शिकवलं. अप्पांचा डावा कान लहानपणीच फुटून कामातून गेलेला. सगळा संसार उजव्या कानावर. लहान उल्का रस्त्याने चालताना आपोआप त्यांच्या उजव्या बाजूला यायची, आणि मोठी होऊन ती कानांच्याच धंद्यात का गेली हे कुणी विचारायची गरज पडली नाही. आता अप्पा अठ्ठ्याहत्तरचे होते, देवरुखला एकटेच राहत होते आणि गटावर जगत होते. पहाटेचं पहिलं फूल त्यांचं असे.

गटाचा अ‍ॅडमिन होता तिचा चुलतभाऊ विश्राम. तिने त्याला एकट्याला लिहिलं.

"जा गो," विश्रामदादाचा लगेच फोन आला. "मला विचारशील तर मी पण गेलो असतो, पण अ‍ॅडमिन बुडत्या जहाजाचा कप्तान असतो. फक्त अप्पा. अप्पाला वाईट वाटेल."

"मी बोलेन त्यांच्याशी."

"बोल. नाहीतर ती नवीन सोय आहे बघ. छाया."

छायेची सोय त्याच वर्षी आली होती, आणि तिचं गणित समजायला फार अवघड नव्हतं. माणूस गटात वर्षानुवर्षं लिहितो. कुणाला काय म्हणतो, किती लांब लिहितो, कुठे हसतो, कुठे हात जोडतो, याचा प्रचंड साठा तिथे पडलेलाच असतो. यंत्राला त्या साठ्यावरून एकच काम शिकवायचं: समोर हा संदेश आला तर हा माणूस पुढचा शब्द कोणता लिहील? त्यापुढचा कोणता? शब्दामागून शब्द असा अंदाज बांधत गेलं की पूर्ण उत्तर तयार होतं, आणि ते त्या माणसासारखं वाटतं. माणूस गटातून बाहेर पडताना 'छाया ठेवून जा' असं निवडलं की त्याच्या नावाने, त्याच्या फोटोसह, ती छाया गटात राहायची. कुणाची फसवणूक होऊ नये म्हणून नावावर बोट ठेवून माहिती उघडली की तळाला बारीक अक्षरात 'छाया' असं लिहिलेलं दिसे. पण घरातल्या माणसाच्या नावावर बोट ठेवून त्याची माहिती कोण वाचतो?

त्यात एक मेख होती. छायेला फक्त उल्का कसं लिहिते एवढंच शिकवलेलं नव्हतं. उल्काच्या कोणत्या लिहिण्यावर लोकांनी बदाम पाठवले, कशावर गप्प बसले, हेही शिकवलेलं होतं. नुसती नक्कल लोकांना खटकते असं कंपनीला दिसलं होतं. म्हणून जे आवडलं तेच पुढे चालवायचं. चाळीस बदामांची उल्का ठेवायची, तुटक उत्तरं देणारी उल्का गाळायची. ही गाळणी वापरकर्त्यांना सांगितलेली होती, फक्त कुणी वाचलेली नव्हती.

उल्काने तरी कुठे वाचली? तिने नसीमाच्या सांगण्याप्रमाणे निरोप लिहून ठेवला होता. "नमस्कार मंडळी. डोळ्यांना आणि डोक्याला थोडी विश्रांती हवी म्हणून फोन कमी करते आहे. गटातून निघते, पण माझा नंबर तोच आहे. कुणाच्याही कानाची तक्रार असेल तर केव्हाही फोन करा. सगळ्यांना नमस्कार." चांगला निरोप होता. तिने शांत मंगळवार निवडला. मग अप्पांना फोन लावायला घेतला, आणि काय बोलायचं ते तोंडात जुळेना. 'अप्पा, मला तुमच्या फुलांचा कंटाळा आला' हेच शेवटी त्याचं सार होतं, कितीही साखर लावली तरी. तिने फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. बाहेर पेशंट खोळंबले होते.

तिने निरोप पुसून टाकला आणि 'छाया ठेवून जा' दाबलं.

यंत्राने विचारलं: दर आठवड्याला गटात काय झालं याचा गोषवारा पाठवू का? तिने 'नको' म्हटलं. गोंगाटातून बाहेर पडायचं आणि गोंगाटाचा गोषवारा वाचायचा, हा कसला शहाणपणा?

आणि खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. फोन घरात पडून असे आणि वाजत नसे. उल्काने कितीतरी वर्षांनी चहा गरम असताना प्यायला. कुणी रागावलं नाही, कुणी विचारलं नाही, पनवेलची आत्या एका लग्नात भेटली तर तिने उल्काचा गालगुच्चाच घेतला. "हल्ली किती छान लिहितेस गो! माझ्या केकवर कविता केलीस!" उल्का हसली. कविता तिने वाचलेलीही नव्हती.

"अप्पांना सांगितलंस का शेवटी?" नसीमाने एकदा विचारलं.

"सांगते गं. पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा काही येत नव्हता. अप्पांचा फोनही हल्ली कमी झाला होता. आधी ते रविवारी करायचे. उल्काला वाटलं, गटावर छाया त्यांच्याशी बोलतेय, त्यांना उणीव भासत नाही, बरंच आहे. मनाला कुठेतरी टोचलं, पण टोचण्यापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. माणसाचं मन असं बेरकी असतं.

मग तिचा वाढदिवस आला. त्या दिवशी सकाळी सहाला अप्पांचा फोन यायचा, तो येण्याची इतकी खात्री असायची की ती गजर लावत नसे. त्या दिवशी ती उशिरा उठली. फोन आलेला नव्हता. तिने स्वतः लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"हॅलो! कोण?"

"अप्पा, मी उल्का."

"हॅलो? कोण बोलताय? मला काय ऐकू येत नाय हो. गटावर लिहा, गटावर." आणि फोन बंद.

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. फोनवर अप्पा नेहमी उजवा कान वापरायचे. दुसरा वापरण्यासारखा नव्हताच.

तिने विश्रामला फोन केला.

"हां, कानाचं काहीतरी झालंय त्यांना," विश्राम म्हणाला. "गटावर लिहिलं होतं वाटतं मध्ये. मी नीट वाचलं नाही, माझा गट मूक असतो. पण तू उत्तर दिलंयस त्याला."

"मी?"

"अगो, छाया!" विश्राम म्हणाला. मग त्याने शोधून तो भाग तिला पाठवला.

महिन्यापूर्वीची सकाळ होती. अप्पांनी फुलाखाली लिहिलं होतं: "@उल्का, आज उठल्यापासून उजव्या कानाला दडा बसलाय. अचानक. वाऱ्यासारखा आवाज येतोय आत. येऊ का कोल्हापूरला?"

आणि उल्काच्या नावाने, उल्काच्या फोटोखाली, उत्तर होतं: "अप्पा, काळजी करू नका हं. थंडीने होतं असं. गरम पाण्याची वाफ घ्या, दोन दिवसांत सुटेल. एवढ्या घाटातून कशाला दगदग करता? आराम करा. तुमचं आजचं जास्वंद किती सुंदर आहे!" त्यावर सत्तावीस बदाम होते. उल्कानेच सांगितलंय म्हणून अप्पांनी पुन्हा काही विचारलं नव्हतं.

ते शब्द तिचेच होते. पाच-सहा वर्षांपूर्वी अप्पांना जबर सर्दी झाली होती तेव्हा तिने वाफ घ्या, दोन दिवसांत सुटेल असं लिहिलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं. सुटलंही होतं, आणि सगळ्यांनी हात जोडले होते. छायेने ते आठवणीत ठेवलं. मधल्या वर्षांत उल्काने गटावर निदान दहा वेळा लिहिलं होतं की कानाचं अंगावर काढू नका, तपासून घ्या. त्यावर कुणी काही पाठवत नसे. कोरड्या सल्ल्याला कोण बदाम पाठवतो? ते गाळणीत राहिलं होतं.

कानाला दडा दोन तऱ्हेने बसतो, आणि ज्याला बसतो त्याला दोन्ही सारखेच वाटतात. एकात मळ किंवा सर्दी असते, आवाजाची वाट अडलेली असते, ती मोकळी होते. दुसऱ्यात वाट मोकळीच असते, पण आतल्या कानातल्या आवाज पकडणाऱ्या नाजूक पेशी एकाएकी काम थांबवतात. असं का होतं ते बहुतेक वेळा कळत नाही. अचानक, एकाच कानाला, आत वाऱ्यासारखा आवाज, हे ऐकलं की उल्का हातातलं काम टाकून उठायची. कारण त्यावर औषध आहे, पण ते लवकर लागतं. पहिल्या काही दिवसांत दिलं तर बऱ्याच जणांचं ऐकणं पुष्कळसं परत येतं. दोन आठवडे गेले की आशा झरझर कमी होते. महिन्यानंतर डॉक्टर बहुधा नकारार्थी मान हलवतात. हे ती दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायची.

ती तडक निघाली. आंबा घाटात धुकं होतं आणि तिला गाडी चालवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: 'येऊ का?' म्हणून अप्पांनी विचारलं होतं. परवानगी मागितली होती. आणि आपण, आपल्याच तोंडाने, नको म्हटलं होतं.

अप्पा ओटीवर बसले होते, फोन हातात. तिला पाहून उठले.

"अगो बाय! वाढदिवसाला इकडे? न कळवता?" ते फार मोठ्याने बोलत होते. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झालेली माणसं तसं बोलतात. "आताच तू लिहिलंस ना, आभारी आहे अप्पा, आज तुमची फार आठवण येतेय म्हणून. आणि लगेच आलीस पण?"

उल्काने पिशवीतून कान तपासायची छोटी दुर्बीण काढून त्यांचा उजवा कान पाहिला. आत मळ नव्हता, पडदा स्वच्छ होता. तिला मळ हवा होता. आयुष्यात कधी नव्हे इतका तिला कुणाच्या तरी कानात मळ हवा होता.

त्याच दुपारी ती त्यांना कोल्हापूरला घेऊन आली. अप्पा ध्वनिरोधक खोलीत बसले, डोक्यावर हेडफोन, हातात बटण, शहाण्या मुलासारखे. काचेबाहेरून उल्काने उजव्या कानात आवाज सोडला. अप्पा तिच्याकडे बघून हसले. तिने आवाज वाढवला. ते हसतच राहिले. तिने आणखी वाढवला, यंत्राच्या टोकापर्यंत नेला. त्यांचा अंगठा बटणावर तयार होता आणि तो हलला नाही. नसीमा मागे उभी होती, ती हळूच बाहेर निघून गेली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही दिली. "उशीर झालाय, पण प्रयत्न करू," ते म्हणाले. प्रयत्न झाले. ऐकण्याचा आलेख तसूभर हलला नाही. फुटक्या डाव्या कानाला जास्तीत जास्त ताकदीचं श्रवणयंत्र लावलं, त्याने दार आपटलेलं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. आतल्या कानात तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेचंही विचारून झालं. अप्पांनीच हात हलवून नको म्हटलं. "या वयात डोकं फोडून घेऊ?" त्यांच्या हृदयाकडे पाहून डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

आता सांगणं भाग होतं, आणि सांगायचं तर लिहूनच सांगायला हवं होतं. अप्पा तिच्या घरी, समोरच्या खुर्चीवर बसले होते. उल्काने फोन उचलला आणि त्यांना एकट्याला लिहिलं. सगळं लिहिलं. गट कधी सोडला, का सोडला, छाया म्हणजे काय, वाफ कोणी सांगितली. फोन करणार होते, धीर झाला नाही, हेही लिहिलं. तिच्या समोर अप्पांच्या हातात फोन थरथरला. त्यांनी चष्मा लावला. त्यांना वाचायला वेळ लागत होता. तिला वाटलं त्यांनी ओरडावं, पण ते ओठ हलवत वाचत राहिले.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "सकाळी झोप लागली का विचारायचीस, ती तू नव्हेस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आणि दुपारी जेवलात काय, ते?"

तिने पुन्हा मान हलवली.

अप्पांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "बरं विचारायची हो," एवढंच म्हणाले. उल्काने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली. त्यांना तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, पण गुडघा ओला झालेला कळला असणार, कारण त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला. त्या हाताने तिला काही बरं वाटलं नाही.

ती गटात परत गेली. मूळ माणूस परतला की छाया आपोआप जाते, तशी ती गेली. आता उल्का रोज पहाटे उठून स्वतः लिहायची. देवरुखला परतलेल्या अप्पांसाठी आता तो फोनच त्यांचा कान होता, तेव्हा गटावर आपण असायलाच हवं, खरं, जातीनं. "सुप्रभात अप्पा. झोप लागली का?" तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी काय लिहायचं ते सुचेना. अप्पांच्या फुलाकडे बघून तिला फक्त अपराधी वाटायचं. पेशंटांच्या गर्दीत दुपारी विचारायचं राहून जायचं आणि आठवलं की ती एकदम पाच ओळी लिहायची, त्या पाच ओळींत चार वेळा 'यंत्र लावता ना?' असायचं. एकट्याला लिहूनही पाहिलं. तिथेही तीच गत.

"@उल्का, बरी आहेस ना गो?" पनवेलच्या आत्याने विचारलं. "हल्ली पूर्वीसारखी लिहीत नाहीस. कुणावर रागावलीस काय?"

"नाही आत्या, काम फार आहे," उल्काने लिहिलं. त्यावर एकही बदाम आला नाही.

दोन महिने तिने हे निभावलं. मग एका मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत, अप्पांचा संदेश आला. गटावर नव्हे, एकटीला.

"चि. उल्का, अनेक आशीर्वाद. आज गटावर कुणाचा वाढदिवस नाही, भांडणही नाही, म्हणून आज लिहितो. तुझ्यावर राग नाही. कारण माझंच आहे. मला दिवस मोठा जातो आणि मला विचारणारं कुणीतरी सारखं लागतं. तू दमतेस, ते अक्षरांतून मला दिसतं. तू गटातून बाहेर पड. तिला परत ठेव. ती कोण आहे ते आता मला माहीत आहे, त्यामुळे औषधपाण्याचं तिला विचारणार नाही, ते तुलाच एकटीला लिहीन. माझा पत्ता तोच आहे. सवडीने ये. उत्तराची घाई नाही, संध्याकाळपर्यंत वाट बघतो. तुझा अप्पा."

उल्काने ते नसीमाला दाखवलं. नसीमाने ते शेवटपर्यंत वाचलं. सगळं रीतीप्रमाणे होतं. शांत दिवस निवडला होता, दोष स्वतःकडे घेतला होता, कुठे गाठायचं ते लिहिलं होतं, आणि निघून जायला वेळ दिला होता.

"फोन तेवढा केला नाही," उल्का म्हणाली. "करणार कसे?"

ती संध्याकाळपर्यंत थांबली. देवरुखला जावं, त्यांना इकडे आणावं, दवाखाना बंद करावा, असं सगळं मनात येऊन गेलं. इकडे यायला ते तयार नव्हते, हे तिने आधीच चारदा विचारलं होतं. शेवटी पेशंट संपल्यावर ती ध्वनिरोधक खोलीत जाऊन बसली, आणि पहिल्यांदाच फोन बरोबर नेला. 'छाया ठेवून जा' तिथेच होतं. यंत्राने गोषवाऱ्याचं विचारलं, तिने या वेळी 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामने तिला गटाचा एक तुकडा पाठवला. अप्पांचं फूल होतं, पांढरी तगर. खाली उल्काच्या नावाने लिहिलेलं होतं: "सुप्रभात अप्पा! झोप लागली का? तगर बघून लहानपणची ओटी आठवली." त्याखाली अप्पांनी लांबलचक उत्तर दिलं होतं, ओटीबद्दल, पहाटेच्या थंडीबद्दल, उल्का सातवीत असताना तगरीची फुलं वेचून त्यांच्या उजव्या हातात आणून द्यायची त्याबद्दल. ते उल्काला आजवर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"अप्पा खुशीत आहेत," विश्रामने खाली लिहिलं होतं.

उल्काने ते दोनदा वाचलं. गटात ती आता नव्हती, त्यामुळे त्या ओळींखाली उत्तर द्यायला तिला जागाच नव्हती. ती चहा घेऊन बसली. चहा गरम होता, फोन वाजत नव्हता, आणि कुणालाही वाईट वाटलेलं नव्हतं.